अवकलज शून्य धरला, तरी औषधाच्या उच्चांकाची वेळ चुकते: दोष कुठे आणि तो कसा शोधायचा

तोंडावाटे घेतलेल्या औषधाची रक्तातली पातळी आधी चढते, मग उतरते. ती सर्वांत वर केव्हा असते हे काढण्याची रीत सगळ्यांना पाठ असते: पातळीच्या सूत्राचा अवकलज घ्यायचा, तो शून्याबरोबर मांडायचा आणि वेळ सोडवायची. तरीही हे गणित पुन्हा पुन्हा अडतं. कुणाचं उत्तर शून्य तास येतं, कुणाचं ऋण येतं, कुणाला समीकरणाला उत्तरच नाही असं दिसतं. आणि काही जणांचं उत्तर अगदी बरोबर असतं, पण मोजलेल्या तक्त्याशी जुळत नाही म्हणून ते स्वतःच खोडून टाकतात. हा शेवटचा प्रकार मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तिथे गणित नीट झालेलं असतं आणि गैरसमज आकडे वाचण्यात असतो.

या गणितातली चूक शोधायला पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा करण्याची गरज सहसा पडत नाही. चुकीचं उत्तरच बहुतेक वेळा चूक कुठे झाली ते दाखवतं. त्यासाठी एक उदाहरण आधी पूर्ण बरोबर सोडवून हाताशी ठेवू आणि मग त्याच आकड्यांवर एकेक चूक करून तिचा ठसा कसा उमटतो ते पाहू.

बरोबर उत्तर कसं येतं

सर्वांत साधं प्रतिमान असं आहे. औषध आतड्यातून रक्तात शिरतं आणि शिरण्याचा वेग आतड्यात अजून किती औषध उरलं आहे त्याच्या प्रमाणात असतो. रक्तातून बाहेर पडण्याचा वेग शरीरात त्या क्षणी किती औषध आहे त्याच्या प्रमाणात असतो. या दोन गृहीतकांवरून पातळीचं सूत्र असं मिळतं:

```
C(t) = [F·D·ka / (V·(ka − ke))] · (e^(−ke·t) − e^(−ka·t))
```

यात `D` म्हणजे मात्रा, `F` म्हणजे त्यातला रक्तापर्यंत पोहोचणारा अंश, `V` म्हणजे औषध शरीरात ज्या आकारमानात पसरलं असं धरायचं ते वितरण आकारमान, `ka` हा शोषणाचा स्थिरांक आणि `ke` हा निचऱ्याचा स्थिरांक. या सूत्राला बेटमन यांचं नाव जोडलेलं आहे. हॅरी बेटमन यांनी १९१० मध्ये किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या साखळीचं गणित सोडवलं होतं. एक मूलद्रव्य क्षय पावून दुसरं तयार होतं आणि दुसऱ्याचाही क्षय चालू असतो, तिथे हाच आकार येतो.

आता आकडे घेऊ. मात्रा ५०० मिलिग्रॅम, सगळी रक्तात पोहोचते असं समजू, म्हणजे `F` = १. वितरण आकारमान ४० लिटर. `ka` दर तासाला १.२ आणि `ke` दर तासाला ०.२. हे आकडे गणित स्वच्छ राहावं म्हणून निवडले आहेत, ते कोणत्याही विशिष्ट औषधाचे नाहीत. बाहेरचा गुणक ५०० × १.२ भागिले (४० × १.०), म्हणजे १५ येतो. त्यामुळे

```
C(t)  = 15·(e^(−0.2t) − e^(−1.2t))
C'(t) = 15·(−0.2·e^(−0.2t) + 1.2·e^(−1.2t))
```

अवकलज शून्य धरला की १५ निघून जातो आणि उरतं

```
1.2·e^(−1.2t) = 0.2·e^(−0.2t)
6 = e^(1.0·t)
t = ln 6 = 1.79
```

म्हणजे १.७९ तास. हे १ तास ७९ मिनिटं नव्हे. ०.७९ ला ६० ने गुणलं की सुमारे ४७ मिनिटं येतात, म्हणून उच्चांक १ तास ४७ मिनिटांनी. ही चूक क्षुल्लक वाटते, पण उत्तर घड्याळाच्या भाषेत लिहिताना ती सर्रास होते.

सर्वसाधारण सूत्रही याच तीन ओळींतून येतं:

```
tmax = ln(ka/ke) / (ka − ke)
```

यात `D`, `F` आणि `V` कुठेच नाहीत, हे थांबून पाहण्यासारखं आहे. मात्रा दुप्पट केली तर शिखर दुप्पट उंच होईल, पण त्याची वेळ तीच राहील. तुमच्या उत्तरात मात्रेचा आकडा शिल्लक राहिला असेल, तर शून्याशी मांडताना बाहेरचा गुणक काढायचा राहून गेला आहे किंवा तो एकाच पदाला लावला गेला आहे.

आता उत्तर तपासण्याची सर्वांत भरवशाची रीत. अवकलज शून्य होणं याचा शरीरातला अर्थ एवढाच की त्या क्षणी जितकं औषध आत येतं आहे तितकंच बाहेर जातं आहे. ते थेट मोजून पाहता येतं. १.७९ तासांनी आतड्यात ५०० पैकी e^(−2.15) एवढा अंश, म्हणजे ११.६५ टक्के, सुमारे ५८ मिलिग्रॅम औषध उरलेलं असतं. शोषणाचा वेग म्हणजे १.२ × ५८.२५, तासाला सुमारे ७० मिलिग्रॅम. दुसऱ्या बाजूला पातळी आहे १५ × (०.६९८८ − ०.११६५), म्हणजे लिटरमागे ८.७४ मिलिग्रॅम. ४० लिटरने गुणलं तर शरीरात सुमारे ३४९ मिलिग्रॅम औषध, आणि त्याच्या ०.२ पट म्हणजे तासाला पुन्हा ७० मिलिग्रॅम. दोन्ही बाजू जुळल्या.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. शिखराच्या क्षणी शोषण संपलेलं नसतं. ५८ मिलिग्रॅम अजून आत यायचं आहे आणि सुमारे ९२ मिलिग्रॅम तोवर बाहेर गेलेलं आहे. 'शोषण संपलं की उच्चांक येतो' असं समजून कुणी `tmax` काढायला बसलं तर ते शोषणाचा शेवट शोधत राहतं. पण घातांकी सूत्रात तो शेवट कधीच येत नाही.

चुकीचं उत्तर काय सांगतं

उत्तर नेमकं शून्य आलं, तर साखळी नियम विसरला आहे. e^(−0.2t) चा अवकलज घेताना घातातला −०.२ बाहेर आलाच नाही, दुसऱ्या पदातही नाही. मग समीकरण e^(−0.2t) = e^(−1.2t) एवढंच राहतं आणि त्याचं एकमेव उत्तर t = ० आहे. खरं तर हे समीकरण 'पातळी शून्य केव्हा असते' असा प्रश्न विचारतं, 'उतार शून्य केव्हा असतो' असा नव्हे. औषध घेतल्याच्या क्षणी पातळी शून्य असते हे आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणून उत्तर शून्य येताच अवकलजाच्या ओळीकडे परत जायचं.

समीकरणाला उत्तरच नाही असं दिसलं, तर चिन्ह गेलं आहे. −०.२ मधलं वजाचं चिन्ह निसटलं की ०.२·e^(−0.2t) + १.२·e^(−1.2t) = ० असं राहतं. दोन धन संख्यांची बेरीज शून्य होत नाही, मग कॅल्क्युलेटर ऋण संख्येचा लॉगॅरिदम मागतो आणि त्रुटी दाखवतो. कॅल्क्युलेटरचा दोष नाही. ही चूक करणाऱ्यांनी सूत्र लिहितानाच दोन्ही पदांखाली '−०.२ ने गुणा', 'आतलं वजा आणि बाहेरचं वजा मिळून अधिक' असं लिहून ठेवलं तर ती टळते.

०.७८ तास, म्हणजे साधारण ४७ मिनिटं आली, तर नैसर्गिक लॉगॅरिदमच्या जागी १० पायाचा वापरला गेला आहे. इथे घड्याळाच्या मिनिटांचा योगायोग फसवा आहे. बरोबर उत्तर १ तास ४७ मिनिटं आणि चुकीचं ४७ मिनिटं, त्यामुळे तास लिहायचा राहिला असावा असं वाटून चूक झाकली जाते. शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर `log` हे बटण १० पायाचं असतं आणि `ln` नैसर्गिक. स्प्रेडशीटमध्येही `LOG(6)` चं उत्तर १० पायाने येतं, `LN(6)` लिहावं लागतं. पायथनमध्ये मात्र `math.log(6)` नैसर्गिकच असतं. एका साधनावरून दुसऱ्यावर जाताना इथेच घात होतो. `log 6` विचारून १.७९ येतं की ०.७८, हे एकदा पाहिलं की प्रश्न मिटतो.

बरोबर उत्तराच्या नेमकं दुप्पट, ३.५८ तास आलं, तर अवकलज दोनदा घेतला आहे. शिखर खरंच शिखर आहे का हे तपासण्यासाठी दुसरा अवकलज घ्यायला शिकवलं जातं आणि घाईत तोच शून्याशी मांडला जातो. या सूत्रात दुसरा अवकलज शून्य होण्याची वेळ नेहमीच `tmax` च्या दुप्पट येते, कारण ६ च्या जागी ६ चा वर्ग येतो आणि लॉगॅरिदम दुप्पट होतो. ही वेळ निरर्थक नाही. तिथे पातळी सर्वांत वेगाने उतरत असते आणि पुढे उताराचा वेग मंदावत जातो. फक्त ती आपल्याला हवी असलेली वेळ नाही. दुसरा अवकलज १.७९ तासांवर ठेवून फक्त त्याचं चिन्ह पाहायचं असतं. आपल्या उदाहरणात तो सुमारे −२.१ येतो, ऋण आहे, म्हणजे ते शिखरच.

ऋण उत्तर, −१.७९ तास, आलं तर `ka` आणि `ke` यांची अदलाबदल सूत्राच्या एकाच जागी झाली आहे, लॉगॅरिदमच्या आत किंवा छेदात. दोन्ही जागी झाली असती तर चूक कळलीच नसती, कारण तेव्हा उत्तर पुन्हा १.७९ येतं. ही बाब मी खाली वेगळी घेणार आहे, कारण ती फक्त बीजगणिताची नाही.

आता सर्वांत धोकादायक प्रकार. उत्तर धन आहे, पटण्यासारखं आहे, पण चुकीचं आहे. समजा प्रश्नात `ke` दिलेला नाही, अर्धायुकाल ३.४७ तास दिलेला आहे. `ke` मिळवायला ०.६९३ ला ३.४७ ने भागायचं, म्हणजे ०.२. त्याऐवजी ३.४७ हाच आकडा `ke` म्हणून बसवला तर सूत्र ०.४७ तास देतं, म्हणजे २८ मिनिटं. एखाद्या गोळीचा उच्चांक २८ मिनिटांत येणं अशक्य नाही, म्हणून हे उत्तर कुणाला खटकत नाही. तसंच एककांचं. `ka` मिनिटाला ०.०२ असा दिला आहे आणि `ke` तासाला ०.२ असा. तासाला १.२ म्हणजे मिनिटाला ०.०२ हे खरंच आहे, पण दोन्ही आकडे जसेच्या तसे घातले तर उत्तर १२.८ येतं. ते तास आहेत की मिनिटं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

अशा चुका पकडायला एक सोपी सीमा आहे आणि ती मला फार आवडते, कारण ती थेट अवकलजाच्याच एका प्रमेयातून येते. मध्यमूल्य प्रमेय सांगतं की `ln ka` आणि `ln ke` यांमधला फरक हा `ka − ke` ला मधल्या कुठल्या तरी संख्येने भागलं की मिळतो, आणि ती संख्या `ka` व `ke` यांच्या दरम्यान असते. म्हणून `tmax` नेहमी `1/ka` आणि `1/ke` यांच्या मध्येच पडतो. आपल्या उदाहरणात ०.८३ तास आणि ५ तास यांच्या मध्ये. ०.४७ बाहेर, १२.८ बाहेर, १० पायाच्या लॉगॅरिदमचं ०.७८ सुद्धा बाहेर. दुप्पट आलेलं ३.५८ मात्र आत बसतं, तेवढं ही चाळणी अडवत नाही. सीमा काढताना एक पथ्य पाळा: त्या मूळ दिलेल्या माहितीवरून, एककं जुळवून, स्वतंत्र काढा. चुकीच्या `ke` वरूनच सीमा काढली तर चुकीचं उत्तर तिच्यात सुखाने बसेल.

दोन्ही स्थिरांक सारखे असले तर

`ka` आणि `ke` दोन्ही ०.५ दिले की सूत्रात वर शून्य, खाली शून्य होतं. अनेकांना वाटतं की अशा वेळी उच्चांक नाहीच. तसं नाही, फक्त सूत्राचा हा लेखनप्रकार तिथे चालत नाही. पातळीचं सूत्र तेव्हा (F·D/V)·k·t·e^(−kt) असं होतं, त्याचा अवकलज गुणाकाराच्या नियमाने घ्यायचा आणि t = १/k मिळवायचं. इथे ते २ तास. संगणकावर करत असाल तर स्थिरांक अगदी जवळजवळ सारखे असतानाही वजाबाकीत अचूकता जाते, म्हणून मी असं लिहिते:

```python
from math import log1p

def tmax(ka, ke):
    x = (ka - ke) / ke
    return 1/ke if x == 0 else log1p(x) / (x * ke)
```

`log1p(x)` म्हणजे १ + x चा नैसर्गिक लॉगॅरिदम, x फार लहान असतानाही नीट काढलेला.

उत्तर बरोबर, पण स्थिरांक उलटे

वर म्हटलं तसं `ka` आणि `ke` यांची पूर्ण अदलाबदल केली तरी `tmax` बदलत नाही. वक्राचा आकारही तोच राहतो, फक्त उंची बदलते. `ka` ०.२ आणि `ke` १.२ घेतला, `D` व `V` तेच ठेवले, तर उच्चांक पुन्हा १.७९ तासांनीच येतो, पण पातळी ८.७४ ऐवजी १.४६ भरते, सहापट कमी. उंची झटकन काढायची एक वाट आहे: शिखरावर पातळी (F·D/V)·e^(−ke·tmax) एवढी असते. त्यात `ke` एकटाच येत असल्यामुळे अदलाबदल तिथे लगेच उघडी पडते.

याचा व्यवहारातला अर्थ महत्त्वाचा आहे. मोजलेल्या वक्राचा शेवटचा उतार हा नेहमी दोन स्थिरांकांपैकी लहान असलेल्याचा असतो. साध्या गोळीत शोषण जलद असतं, म्हणून तो उतार निचऱ्याचा असतो. पण औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्यांमध्ये शोषणच इतकं संथ असू शकतं की शेवटचा उतार शोषणाचा ठरतो. अशा वेळी त्या उतारावरून 'औषधाचा अर्धायुकाल' काढला तर तो प्रत्यक्षात गोळी औषध सोडण्याचा अर्धायुकाल असतो. उच्चांकाची वेळ इथे काहीच मदत करत नाही, ती दोन्ही अर्थांना सारखीच जुळते. तेच औषध शिरेतून दिल्यावर उतार किती आहे हे माहीत असेल तरच कोणता स्थिरांक कोणाचा हे ठरतं, कारण तिथे शोषणाचा टप्पाच नसतो.

गणित १.७९ म्हणतं, तक्ता २ म्हणतो

आता ज्या तक्रारीपासून सुरुवात केली ती. आपल्याच सूत्रातून रक्ताचे नमुने घेतल्यासारखे आकडे काढू. अर्ध्या तासाला ५.३४, एक तासाला ७.७६, दीड तासाला ८.६३, दोन तासांना ८.६९, तीन तासांना ७.८२, चार तासांना ६.६२. तक्त्यातली सर्वांत मोठी पातळी २ तासांवर आहे. म्हणून कुणी म्हणतं की अवकलजाचं उत्तर चुकलं.

चुकलेलं नाही. नमुना १.७९ तासांना घेतलाच नव्हता, मग तो आकडा तक्त्यात कसा येणार? मोजलेला `tmax` हा फक्त नमुन्यांच्या वेळांपैकी एक असू शकतो. पण प्रश्न एवढ्यावर थांबत नाही. खरं शिखर ८.७४ आहे आणि दोन तासांची पातळी ८.६९. फरक लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमचा, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दीड तास आणि दोन तास यांच्या पातळीतला फरकही ०.०६ एवढाच. मोजणीत पाच टक्के चूक असेल, तर ती ०.४ च्या पुढे जाते. तेवढ्या चुकीत दीड तासाचा आकडा दोन तासांच्या वर सहज येईल आणि तोच 'उच्चांक' म्हणून नोंदला जाईल.

हे का होतं, याचं उत्तर अवकलजातच आहे. उतार शून्य आहे म्हणजे शिखराजवळ वक्र जवळजवळ आडवा आहे. आपल्या उदाहरणात पातळी शिखराच्या पाच टक्क्यांच्या आत साधारण १ तास १४ मिनिटांपासून २ तास ३३ मिनिटांपर्यंत राहते. हे टोक नसून पठार आहे. पठारावरचा सर्वांत उंच बिंदू गणिताने नेमका ठरतो, पण मोजून तो डळमळीतच सापडतो. उच्चांकाची पातळी मोजणीत बरीच भरवशाची असते, उच्चांकाची वेळ तशी नसते. दोन्हींमागचं कारण एकच आहे. त्यामुळेच गोळ्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत `tmax` ची सरासरी देण्याऐवजी मध्यक आणि व्याप्ती दिलेली दिसते: ते आकडे नमुन्यांच्या ठरावीक वेळांवर उड्या मारत असतात.

मग तक्ता आणि गणित यांत खरी विसंगती आहे की नाही हे कसं ओळखायचं? कमाल आकड्याकडे पाहू नका, शिखराच्या दोन्ही बाजूंच्या उताराचं चिन्ह पाहा. C'(1) हे +२.९७ आहे आणि C'(2) हे −०.३८. म्हणजे एक तासाला पातळी ठामपणे चढत असली पाहिजे आणि दोन तासांना किंचित उतरू लागलेली. तुमचे नमुने एक तास ते दीड तास चढलेले आणि दोन ते तीन तासांत उतरलेले असतील, तर गणित आणि मोजणी यांचं एकमत आहे. पण दोन ते तीन तासांत पातळी अजून चढतच असेल, तर मात्र प्रतिमान किंवा स्थिरांक बदलावे लागतील.

तसं असेल तर पहिला संशयित म्हणजे सुरुवातीचा उशीर. गोळी विरघळायला, विशेषतः आम्लात न विरघळणारा लेप असेल तर पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो आणि तोवर रक्तात काहीच येत नाही. सुरुवातीचे नमुने शून्याजवळ आणि मग अचानक चढ, असं दिसलं तर हेच घडलं आहे. तेव्हा सूत्रात `t` च्या जागी `t` वजा उशीर घालायचा आणि अवकलजाचं उत्तर तेवढ्याच वेळेने पुढे जातं: अर्धा तास उशीर असेल तर १.७९ चं २.२९ होतं, उंची तीच राहते. दुसरा संशयित म्हणजे शोषणच संथ होणं. भरल्या पोटी घेतलेल्या गोळीत जठर रिकामं व्हायला वेळ लागून हे घडू शकतं. `ka` १.२ ऐवजी ०.६ झाला तर `tmax` २.७५ तासांवर जातो आणि शिखर ८.७४ वरून ७.२२ वर येतं. उशिरात उंची टिकते, संथ शोषणात ती खचते. दोन्ही वेगळे ओळखायला एवढी खूण पुरेशी आहे.

जिथे शून्य शोधूनही मिळणार नाही

काही वेळा उच्चांक असतो, पण तिथे अवकलज शून्य नसतो आणि त्यामुळे 'शून्याशी मांडा' ही रीत मुळातच लागू पडत नाही. शिरेत एकदम इंजेक्शन दिलं तर या प्रतिमानात पातळी पहिल्या क्षणापासून उतरतच जाते, अवकलज सतत ऋण राहतो आणि कमाल पातळी सुरुवातीच्या टोकावर, t = ० ला असते.

सलाइनमधून ठरावीक वेगाने औषध दिलं तर त्याहून रोचक घडतं. आपलेच ५०० मिलिग्रॅम दोन तासांत सारख्या वेगाने, म्हणजे तासाला २५० मिलिग्रॅम, दिले असं समजू. दोन तासांपर्यंत पातळी चढतच असते आणि ओघ थांबला की लगेच उतरू लागते. दोन तासांना ती १०.३ असते. त्या क्षणाच्या अगदी आधी उतार +४.१९ आणि अगदी नंतर −२.०६. मधे शून्य येतच नाही, तो ओलांडून थेट उडी पडते. या उडीचं मापही ठरलेलं आहे: ६.२५, म्हणजे २५० भागिले ४०, थांबवलेल्या ओघाने पातळीत दर तासाला जेवढी भर पडत होती तेवढंच. असा प्रश्न आला की अवकलजाचं शून्य शोधण्यात वेळ न घालवता ओघ बंद होण्याचा क्षणच तपासायचा.

आणि एक प्रकार असा की शून्य मिळतं, पण पहिल्या मात्रेचं सूत्र तिथे चालत नाही. दर आठ तासांनी तीच गोळी घेत राहिली की काही मात्रांनंतर पातळी ठरावीक पट्ट्यात फिरू लागते. त्या वेळी आधीच्या मात्रांचं उरलेलं औषधही शरीरात असतं, म्हणून बाहेर जाण्याचा वेग सुरुवातीपासूनच जास्त असतो आणि आत येणाऱ्या वेगाला तो लवकर गाठतो. अवकलज पुन्हा घेतला की सूत्र असं होतं, यात `T` म्हणजे दोन मात्रांमधलं अंतर:

```
tmax = ln[ ka·(1 − e^(−ke·T)) / (ke·(1 − e^(−ka·T))) ] / (ka − ke)
```

आठ तासांच्या अंतराने आपल्या आकड्यांवर हे १.५७ तास देतं, म्हणजे पहिल्या गोळीच्या १ तास ४७ मिनिटांऐवजी १ तास ३४ मिनिटं. नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात उच्चांक गणितापेक्षा दहा-पंधरा मिनिटं आधी दिसला, तर स्थिरांकांवर शंका घेण्याआधी ही मात्रा पहिली होती की पुढची, एवढं विचारून घ्या.